आधी उशी घे

पक्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी झालं आणि दुपारी साडेबारापर्यंत आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 37 संदेश येऊन पडले होते. त्यातले निम्म्याहून जास्त नुसते जोडलेले हात. सहा ठिकाणी तोच गुलाब, त्यावर तेच दवबिंदू, खाली सोनेरी अक्षरांत 'लवकर बरे व्हा'. एकाने लिहिलं होतं, 'बिचारा पक्या, आता जपायला हवं, वय झालं आपलं.' दुसऱ्याने आपल्या साडूच्या ऑपरेशनची हकिकत सविस्तर टाकली होती. ती आयसीयूच्या दारापर्यंत जाऊन तिथेच संपत होती. साडूचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

हे सगळं वाचून मी मनाशी ठरवलं की आपण असलं काही लिहायचं नाही. पक्याला कीव नको असते. तो लहानपणी सायकलवरून पडला की आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघायचा आणि मग गुडघ्याकडे. तेव्हा संध्याकाळी सातला मी त्याला एक खास संदेश पाठवला. नववीत त्याने भूगोलाच्या पेपरात अजिंक्यतारा अरबी समुद्रात दाखवला होता आणि सरांनी लाल पेनाने शेजारी शेरा मारला होता, 'येथे बोटीने जावे'. ती आठवण काढून मी लिहिलं, की तुझं पित्ताशयही आता बोटीने तिकडेच निघालंय, पत्ता चुकू देऊ नकोस.

सव्वासातला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, काय पाठवलंत तुम्ही? हे पोट धरून बसलेत, हसताहेत की रडताहेत तेच कळेना. सिस्टर मला ओरडून गेल्या."

पोट धरून हसणं म्हणजे काय, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

त्या रात्री मला जरा ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका सर्जनना गाठलं आणि विचारलं, की पित्ताशय काढलेल्या माणसाला नक्की काय काय होत असतं? कोणत्या दिवशी काय दुखतं? ते हसले. म्हणाले, नातेवाईक हे आम्हाला विचारतात, मित्र कधी विचारत नाहीत. त्यांनी जे सांगितलं आणि पुढच्या दहा दिवसांत पक्याकडे पाहून जे समजलं, त्यावरून माझं मत असं झालंय की आजारी मित्राला काय लिहावं याचं उत्तर शब्दकोशात शोधण्यापेक्षा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर शोधावं.

तर पक्याला झालं काय होतं? एका लग्नाचं जेवण झाल्यावर रात्री दोनला उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की त्याला वाटलं ही शेवटचीच. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ही त्याची साठवणीची पिशवी. तूपतेलाचं जेवण पोटात गेलं की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. तिच्यात खडे असले आणि आवळताना एखादा खडा तोंडाशी अडकला की ती कळ येते. खडे घेऊन पिशवी ठेवण्यात अर्थ नसतो, म्हणून पिशवीसकट काढतात. नंतर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतं आणि बहुतेकांचं काही अडत नाही.

पूर्वी यासाठी बरगडीखाली वीतभर कापायचे आणि माणूस आठवडाभर दवाखान्यात पडून असायचा. आता दुर्बिणीतून करतात. भारतात अशी शस्त्रक्रिया पहिल्यांदा 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. पोटाला तीन-चार छोटी छिद्रं पाडतात. बेंबीजवळचं साधारण एक सेंटिमीटरचं, बाकीची त्याच्या निम्मी. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं फुगवतात, म्हणजे आत दुर्बिणीला आणि हत्यारांना जागा होते. पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी चिमटे लावून बंद करतात, पिशवी यकृतापासून सोडवतात आणि एका छिद्रातून बाहेर ओढून घेतात. सगळं सुरळीत असलं तर तासा-दीड तासात आटपतं.

आता माझ्या विनोदाकडे येतो. बाहेरून चार ठिपके दिसत असले तरी प्रत्येक ठिपका पोटाच्या स्नायूंमधून आरपार गेलेला असतो. आपण हसतो तेव्हा हेच स्नायू झटक्याझटक्याने आवळतात. खोकणं, शिंकणं, हसणं, तिन्ही पोटाच्या दृष्टीने सारखंच. टाके तुटतील ही भीती मात्र बहुतेक वेळा उगाच असते. टाके हसण्याने तुटत नाहीत, नुसतं दुखतं, पण पेशंटला आणि त्याच्या बायकोला ते कुणी सांगितलेलं नसतं. त्यावर उपाय अगदी साधा आहे. एक उशी पोटावर घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं किंवा हसायचं. बाहेरून आधार मिळाला की आतला ताण कमी होतो. पक्याला ही उशी दुसऱ्या दिवशी सिस्टरने दिली. माझा संदेश पहिल्या दिवशी पोचला होता.

शिवाय पहिल्या दिवशी पेशंट पुरता शुद्धीवर असतो असं आपण समजतो, तेही खरं नसतं. भूल उतरली म्हणजे माणूस बोलायला लागतो, चहा कधी मिळणार विचारतो, पण पहिले चोवीस तास डोकं कापसात गुंडाळल्यासारखं असतं. म्हणून तर डॉक्टर सांगतात, त्या दिवशी गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नका. पक्याला माझा संदेश शुक्रवारी सकाळी आठवतच नव्हता. पोट का दुखतंय एवढंच आठवत होतं. त्या दिवशी पाठवायचंच असेल तर एका दमात वाचून होईल अशी ओळ पुरे, आणि ती वहिनींच्या फोनवर: 'ऑपरेशन झाल्याचं कळलं. उत्तर नको. मी इथेच आहे.' बस. माझ्या दृष्टीने त्या ग्रुपवर सगळ्यात चांगला संदेश आमच्या अण्णांचा होता. अण्णांना टाइप करता येत नाही. त्यांनी चुकून एक टिंब पाठवलं होतं.

शुक्रवारी पक्याने नवीनच तक्रार सुरू केली. पोट ठीक, पण उजवा खांदा ठणकतोय. त्याला वाटलं हृदयाचं काहीतरी आहे, आणि घाबरून त्याने कुणालाच सांगितलं नाही. वास्तविक हे त्या गॅसचं काम. पोटात भरलेला वायू बाहेर काढला तरी थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाच्या खाली जाऊन बसतो. श्वासपटलाची नस मानेतून खाली येते, खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते आणि दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत वायू शरीरात शोषला जातो आणि खांदा आपोआप थांबतो. चाललं की लवकर बरं वाटतं. दवाखान्यात शुक्रवारी सकाळीच त्याला व्हरांड्यात चालवलं होतं. सलाईनची बाटली हातात धरून तो असा निघाला होता की जणू वारीला चाललाय.

त्याला एक खेळणंही दिलं होतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्या, प्रत्येकीत एक गोळी. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ बंद राहतो, तो उघडावा यासाठी हे असतं. पक्याने पहिला तासभर त्यात फुंकर मारली. गोळ्या ढिम्म. हे यंत्र बिघडलंय म्हणून त्याने सिस्टरकडे तक्रार केली. मी आयुष्यभर पक्याला ओढायचं तिथे फुंकताना पाहिलंय, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. हे वहिनींनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मला लिहायला पहिला खरा ऐवज मिळाला.

कारण आजाऱ्याला लिहिताना आपली अडचण अशी असते की आपल्याला त्याच्या आजाराबद्दल काहीच नेमकं माहीत नसतं आणि म्हणून आपण मोठे मोठे शब्द वापरतो. दुःख, संकट, झुंज, देवाची इच्छा. मोठा शब्द आला की त्याच्या मागून कीव येतेच. पक्याच्या उजव्या खांद्यात गॅस बसलाय आणि त्याला गोळ्या उचलता येत नाहीत, एवढं कळलं की कीव करायला जागाच उरत नाही. तुम्ही सरळ विचारू शकता, काय रे, आज किती गोळ्या वर गेल्या?

शनिवारी पक्या घरी आला. रविवारी ग्रुपवर त्याचं कौतुक सुरू झालं. 'वाघ आहेस तू!' 'तिसऱ्या दिवशी घरी, मानलं बुवा.' 'लढवय्या!' यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं, मीही एक वाघ टाकला. सोमवारी त्याच्या बेंबीजवळच्या टाक्याभोवती लाल झालं, हात लावला की गरम लागायला लागलं, संध्याकाळी बारीक ताप आला. पक्याने कुणाला सांगितलं नाही. रात्री वहिनींना त्याच्या बनियनवर पिवळट डाग दिसला तेव्हा तो म्हणाला, "अगं, सगळे म्हणताहेत मी वाघ आहे, आता परत दवाखान्यात जाऊ का?"

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी तो टाका सैल करून थोडा पू काढला, ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या. गंभीर काही नव्हतं. जखमेत असा थोडा संसर्ग काही जणांना होतो आणि वेळेवर दाखवला तर चार दिवसांत बसतो. पण उशीर केला असता तर तो वाढला असता. ऑपरेशननंतर ताप चढत असेल, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, एकच पोटरी सुजली असेल किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं. वाघाला हे सांगता येत नाही. म्हणून मला आता त्या शौर्याच्या संदेशांचीही चीड येते. 'बिचारा' म्हणणारा माणूस पेशंटला लहान करतो, 'लढवय्या' म्हणणारा त्याच्या तोंडाला कुलूप लावतो. मी टाकलेला वाघ मी गुपचूप काढून टाकला. पण 'संदेश हटवला गेला' असं तिथे दिसत राहिलं आणि दोघांनी मला खासगीत विचारलं, काय होतं रे?

याच मंगळवारी ग्रुपवर एकही संदेश आला नाही. पाच दिवस झाले होते, लोकांच्या दृष्टीने पक्या बरा झाला होता. कुणीतरी एका लग्नाचे फोटो टाकले आणि ग्रुप तिकडे गेला. पक्याकडे मात्र आता कुठे दिवस मोठे व्हायला लागले होते. आधी दुखण्यात आणि झोपेत वेळ जात होता. आता दुखत नव्हतं, पण अंघोळ केली तरी थकवा यायचा आणि परत पडावंसं वाटायचं. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं. मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी यांचा चौथा दिवस होता. त्यातच काढलेलं पित्ताशय तपासायला लॅबमध्ये गेलं होतं. तसं ते नेहमीच पाठवतात, पण रिपोर्ट यायचा होता आणि तो येईपर्यंत माणूस रात्री छताकडे बघत काय विचार करतो हे ज्याचं त्याला ठाऊक. अशा वेळी 'चला, सुटलास एकदाचा' असं लिहिणारा मित्र चुकतो. मी लिहिणारच होतो, वहिनींनी रिपोर्टचं सांगितलं म्हणून वाचलो.

इथे एक जुना अभ्यास सांगायलाच हवा, कारण तो योगायोगाने पित्ताशयाच्याच पेशंटांवर झालेला आहे. अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे 1972 ते 1981 या काळातले कागद चाळले आणि 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. पित्ताशय काढलेले 46 पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. बाकी वय वगैरे बघून जोड्या लावलेल्या. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि नर्सनी त्यांच्याबद्दल 'उदास आहे', 'रडवेला झालाय' अशा नोंदी कमी केल्या होत्या. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वेदनाशामकांची. पहिल्या दिवशी दोन्ही गटांनी जवळपास सारखीच औषधं घेतली. फरक पडला तो दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत, तेव्हा झाडंवाल्यांना जोरदार औषधं कमी लागली. म्हणजे ताज्या दुखण्यात माणूस खिडकीकडे बघतच नाही. तो बाहेर बघायला लागतो ते नंतर. 46 माणसं म्हणजे काही फार नव्हेत, आणि ते ऑपरेशन वीतभर कापून करायच्या काळातलं आहे, तेव्हा यावर मी कुणाशी पैज लावणार नाही. पण पक्याच्या बेडरूमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसतात, हे मला माहीत होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी पोस्टात जाऊन एक पोस्टकार्ड आणलं. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, एकच? पोस्टकार्ड निवडायला कारण होतं. फोनवरचा संदेश वाचला की निळ्या खुणा होतात आणि मग उत्तर देणं भाग पडतं. पक्याकडे अशी 37 उत्तरं आधीच थकलेली होती. पोस्टकार्डाला उत्तराची घाई नसते. ते उशाखाली ठेवता येतं. आणि गावातल्या गावात असलं तरी पोचायला दोन दिवस घेतं, म्हणजे सगळे विसरले की मग येतं.

पहिला मजकूर मी जुन्या वहीत लिहून पाहिला. तो असा होता:

'प्रिय पक्या, तब्येत कशी आहे? तुझं ऐकून फार वाईट वाटलं. तुझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला हे यायला नको होतं. पण जे झालं ते बऱ्यासाठीच. तेलकट-तुपकट अजिबात खाऊ नकोस. काही लागलं तर कधीही सांग. आम्ही सगळे तुझी फार आठवण काढतो.'

मी, म्हणजे असलं काही लिहायचं नाही असं ठरवलेला माणूस, हे लिहून बसलो होतो. मग एकेक ओळ खोडायला घेतली. 'तब्येत कशी आहे' हा प्रश्न आधी गेला, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर 'बरी आहे' असंच द्यावं लागतं. 'वाईट वाटलं' यात वाईट मला वाटलंय. म्हणजे आता पक्याने माझं सांत्वन करायचं. 'वाट्याला यायला नको होतं' ही ओळ तर मी तेराव्याला ऐकली आहे. 'जे झालं ते बऱ्यासाठीच' हे रिपोर्ट यायच्या आत म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. पथ्य सांगायला डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, वहिनी आहेत आणि वहिनींच्या आई मुक्कामाला आल्या आहेत. त्या चौघांच्या रांगेत पाचवा उभा राहण्यात काय अर्थ?

'काही लागलं तर कधीही सांग' या ओळीवर मात्र मी बराच वेळ थांबलो, कारण ती मनापासून लिहिली होती. पण विचार करा, अशी ओळ तुम्हाला आल्यावर तुम्ही कधी काही मागितलंय? काय लागतंय ते आठवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, त्याला सवड असेल का याचा अंदाज घ्यायचा, एवढं काम आपण आजाऱ्यावर टाकतो आणि त्याला मदत म्हणतो. मी वहिनींना फोन केला. शनिवारी सकाळी टाके काढायला जायचं होतं आणि रिक्षाच्या धक्क्यांची पक्याला धास्ती होती. झालं, ओळ सापडली.

राहिली शेवटची, आठवण काढण्याची. आठवण काढतो असं सांगण्यापेक्षा कुठे काढतो ते लिहावं. आम्ही सहा जण रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो. वर टीव्हीचा टॉवर आहे तिथपर्यंत जायचं आणि खाली येऊन चहा प्यायचा. ऑगस्ट होता, किल्ल्यावर पाऊस आणि धुकं. पक्याच्या खिडकीत पाइप होते, माझ्याकडे अख्खा किल्ला होता. शेवटी पोस्टकार्डावर बारीक अक्षरात हे गेलं:

'पक्या,
आधी उशी घे. घेतलीस? आता वाच.
आज वर इतकं धुकं होतं की टॉवरला हात लावेपर्यंत टॉवर दिसला नाही. अण्णा उतरताना चिखलात बसले. उठल्यावर म्हणाले, मुद्दाम बसलो होतो, दृश्य चांगलं होतं. दृश्यात फक्त धुकं होतं. तो पांढरा कुत्रा तुझ्या वाटणीची बिस्किटं रोज खातो आणि तुझी चौकशीसुद्धा करत नाही. दुसऱ्या वळणावर जिथे तू दम खायला लेस बांधत थांबतोस, तिथे आता मी थांबतो. माझ्या पायात चपला असतात, तरी कुणी काही म्हणत नाही.
तू नाहीस म्हणून चहाचे पैसे कोण देणार यावर रोज भांडण होतं. शेवटी तुझ्या खात्यावर लिहायला सांगितलंय. 180 झाले.
बेंबीचं ड्रेसिंग बदलताना दुखत असेल तर खुशाल बोंब मार, वाघाची ड्यूटी संपली.
शनिवारी सव्वादहाला गाडी घेऊन खाली उभा राहतो. टाके काढायला मी नेणार. उत्तर लिहू नकोस.
बा.'

हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की यात 'लवकर बरा हो' कुठेच नाही. घालावं का, असा विचार केला आणि नाही घातलं. पित्ताशय दुर्बिणीतून काढलेला माणूस एक-दोन आठवड्यांत आपल्या रोजच्या कामाला लागतो, वजन उचलायला आणि किल्ला चढायला थोडे आठवडे जास्त लागतात. हे वेळापत्रक शरीराचं असतं. लवकर हो म्हणून ते होत नाही, आणि पाचव्या दिवशी अंघोळीने दमलेल्या माणसाला 'लवकर' या शब्दाचा थोडा धाकच वाटतो.

असाच विनोद प्रत्येक ऑपरेशनला चालेल असंही मी म्हणत नाही. पक्याचा रिपोर्ट वाईट आला असता, किंवा आत रक्तस्राव होऊन दुर्बिणीचं काम सोडून पोट उघडावं लागलं असतं, तर चपलांची लेस मी बाजूला ठेवली असती. पण तेव्हाही धुक्याचं लिहिलं असतं, आणि गाडी घेऊन येण्याची वेळ लिहिली असती.

पोस्टकार्ड गुरुवारी दुपारी पोचलं, ऑपरेशनच्या सातव्या दिवशी. वहिनींनी सांगितलं की पोस्टमनने दारात उभ्या उभ्या अर्धं वाचलं होतं आणि आत देताना विचारलं, उशी कुठाय? पक्याने ते तीनदा वाचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की चपलेला लेस कशी असेल, आणि त्यावर पक्याला उशी आणखी घट्ट धरावी लागली. शुक्रवारी रिपोर्ट आला. जुनी सूज होती, बाकी काही नाही. तो त्याने ग्रुपवर टाकला नाही, मला फोन केला. पाच मिनिटं किल्ल्याबद्दल बोलला आणि मग मधेच म्हणाला, हां, रिपोर्ट आला रे, नॉर्मल आहे, आणि परत कुत्र्यावर गेला.

शनिवारी सव्वादहाला मी खाली उभा होतो. पक्या कठड्याला धरून जिना उतरला, काखेत उशी. दवाखान्यात टाके काढायला सात मिनिटं लागली. डॉक्टरांनी त्याला एक छोटी बाटली दिली, त्यात त्याचे खडे, हिरवट काळपट, मिऱ्याएवढे. आम्ही गाडीत बसून मोजले. चौदा निघाले. आता ती बाटली त्याच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मुलाच्या कॅरमच्या ट्रॉफीशेजारी आहे. चहाच्या खात्यावरचे पैसे मात्र त्याने अजून दिलेले नाहीत.